‘बाबा वाईट आहेत’ की ‘बाबांचं काही खरं नाही’? रशियन विशेषणांची दोन रूपं मराठीत आणताना

काही वर्षांपूर्वी मी एका रशियन गोष्टीचा अनुवाद करत होतो. हिवाळ्यातली रात्र, एक मुलगी धापा टाकत डॉक्टरच्या दारात येते आणि दोनच शब्द बोलते: ‘ओतेत्स प्लोख.’ ‘ओतेत्स’ म्हणजे वडील आणि कोशात ‘प्लोखोय’ म्हणजे वाईट. मी लिहून टाकलं, ‘बाबा वाईट आहेत.’ मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीनं त्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘बाप वाईट असेल तर ती डॉक्टरकडे का आलीय?’

तिला रशियन येत नव्हतं, तरी तिनं चूक बरोबर पकडली. मुलगी म्हणत होती की बाबांची अवस्था फार बिघडलीय, त्यांचं काही खरं नाही. शब्द मी बरोबर शोधला होता, पण त्याचं रूप वाचलंच नव्हतं. ‘प्लोखोय’ हे पूर्णरूप स्वभावाबद्दल आणि दर्जाबद्दल बोलतं. ‘प्लोख’ हे लघुरूप माणसाबद्दल आलं की बहुतेक वेळा तो गंभीर आजारी असल्याचं सांगतं. त्या रात्रीपासून वर्णनातलं प्रत्येक विशेषण मी आधी रूपाकडे बघून वाचतो. ही सवय कशी लावायची आणि त्यातून मराठी वाक्य कसं बदलतं, ते इथे सांगतो. तुम्हाला रशियन लिपी वाचता येते आणि विभक्तींची तोंडओळख आहे असं मी धरून चाललोय.

उदाहरणं देवनागरीत, मूळ अक्षरांना धरून लिहिली आहेत, म्हणजे कोशात शोधायला सोपं जाईल. बोलताना आघात नसलेला ‘ओ’ साधारण ‘अ’ ऐकू येतो, एवढं लक्षात ठेवा.

आधी रूप ओळखायला शिका

पूर्णरूप लगेच कळतं. त्याचा शेवट लांबलचक असतो: पुल्लिंगी ‘उम्नीय’, स्त्रीलिंगी ‘उम्नाया’, नपुंसकलिंगी ‘उम्नोये’, अनेकवचनी ‘उम्नीये’. अर्थ, हुशार. लघुरूपाला ही शेपटी नसते: ‘उम्योन’, ‘उम्ना’, ‘उम्नो’, ‘उम्नी’. लघुरूप लिंग आणि वचन बदलतं, पण विभक्ती घेत नाही. अनेकवचनात लिंगभेदही उरत नाही.

नवशिक्याला पुल्लिंगी रूप अडवतं, कारण शेवटच्या दोन व्यंजनांमध्ये एक स्वर येऊन बसतो. ‘बोल्नोय’ (आजारी) याचं लघुरूप ‘बोलेन’, ‘पोल्नीय’ (भरलेला) याचं ‘पोलोन’, ‘ऊझ्कीय’ (अरुंद) याचं ‘ऊझोक’. पुस्तकात ‘पोलोन’ दिसलं आणि कोशात सापडलं नाही, तर मधला स्वर काढून टाका, ‘-ईय’ किंवा ‘-ओय’ जोडा आणि पुन्हा शोधा. कोश शब्द पूर्णरूपातच देतो. दोन शब्द मात्र नियमाबाहेरचे आहेत. ‘बोल्शोय’ (मोठा) याला स्वतःचं लघुरूप नाही, तिथे ‘वेलिक’ वापरतात. ‘मालेन्कीय’ (लहान) याच्यासाठी ‘माल’. हे दोन पाठच करा, पुढे सारखे लागतील.

सगळ्या विशेषणांना लघुरूप असतं असं नाही. ज्या गुणाचं कमीजास्त प्रमाण असू शकतं, त्यालाच बहुधा ते असतं. ‘देरेव्यान्नीय’ म्हणजे लाकडी. टेबल लाकडी असतं किंवा नसतं, त्यामुळे इथे लघुरूपाचा प्रश्न येत नाही आणि अर्थाची निवडही नाही. उलट ‘राद’ (आनंद झालेला) आणि ‘दोल्झेन’ (ज्याला करावंच लागणार आहे असा) हे शब्द लघुरूपातच वापरले जातात. लेखकानं जिथे दोन्हीपैकी एक रूप निवडलं आहे, तिथेच निवडीचा अर्थ शोधायचा.

पहिली पायरी: विशेषण वाक्यात कुठे बसलंय?

रशियनमध्ये वर्तमानकाळात ‘आहे’ नसतं. त्यामुळे ‘त्योम्नाया नोच’ म्हणजे ‘अंधारी रात्र’, नुसता शब्दसमूह. ‘नोच तेम्ना’ म्हणजे ‘रात्र अंधारी आहे’, पूर्ण वाक्य. आजच्या भाषेत लघुरूप नामाला चिकटून विशेषण म्हणून येत नाही. ते विधान करतं. म्हणून लघुरूप दिसलं की मराठी वाक्यात क्रियापद हवंच, आणि कोणतं क्रियापद घ्यायचं यावरच पुढचा सगळा खेळ आहे.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या स्लाव भाषांमध्ये लघुरूप हेच मूळ रूप होतं. त्याला दर्शक सर्वनाम जोडून पूर्णरूप घडलं, आणि ‘तो अमुक’ असा निश्चित अर्थ त्यातून यायचा. जुन्या लघुरूपांचे काही अवशेष वाक्प्रचारांत आजही आहेत, जसं ‘स्रेद बेला द्न्या’. शब्दशः ‘पांढऱ्या दिवसाच्या मध्यात’, आपल्या भाषेत ‘भरदिवसा’. असा प्रयोग भेटला तर पुढचे कुठलेही नियम लावू नका, सरळ आपला वाक्प्रचार द्या.

पूर्णरूप नामाच्या आधी असेल तर अनुवाद साधा आहे, तिथे थांबायचं कारण नाही. अवघड जागा एकच: विधानात लघुरूपही चाललं असतं आणि पूर्णरूपही. ‘ओन बोलेन’ किंवा ‘ओन बोल्नोय’. पुढच्या सगळ्या पायऱ्या या जागेसाठी आहेत.

एक पोटनियम आधीच सांगतो. कर्ता ‘एतो’ (हे) किंवा ‘व्स्यो’ (सगळं) असा मोघम असेल तर लघुरूपाचं नपुंसकलिंग येणारच: ‘एतो इन्तेरेस्नो’, ‘व्स्यो यास्नो’. यात लेखकाची निवड नाही, म्हणून वेगळी अर्थच्छटाही शोधू नका. ‘हे रंजक आहे’, ‘सगळं स्पष्ट आहे’, काम झालं.

दुसरी पायरी: कोणासाठी, कशामुळे, कशाबाबत?

लघुरूपाभोवतीचे शब्द बघा. त्याच्याबरोबर बरेचदा एखादा जोडीदार असतो, आणि अर्थाची किल्ली त्याच्याकडे असते. इथे मराठी माणसाची बाजू फार बळकट आहे.

कपड्यांचं उदाहरण घ्या. ‘तूफ्ली मालेन्कीये’ म्हणजे बूट आकारानं लहान आहेत. बाहुलीचे असतील, लहान मुलीचे असतील, त्यात तक्रार काही नाही. ‘तूफ्ली म्न्ये माली’ मध्ये ‘म्न्ये’ म्हणजे मला. या वाक्याचा अर्थ, बूट माझ्या पायाला पुरत नाहीत. इतर कितीतरी भाषांच्या अनुवादकांना इथे ‘फारच’, ‘जास्तच’ असा शब्द घालावा लागतो. आपल्याला लागत नाही. दुकानात बूट पायात घालून आपण काय म्हणतो? ‘मला लहान होतात.’ ‘लहान आहेत’ आणि ‘लहान होतात’ यांत जो फरक आहे, तोच ‘मालेन्कीये’ आणि ‘माली’ यांत आहे. आपला ‘मला’सुद्धा रशियनच्या चतुर्थीच्या जागी चपखल बसतो.

हाच नियम ‘पाल्तो येमू वेलिको’ला लावा: कोट त्याला मोठा होतो. ‘युब्का येय ऊझ्का’: स्कर्ट तिला घट्ट होतो. ‘ब्र्यूकी कोरोत्की’: पँट आखूड होते. तिसऱ्या वाक्यात ‘कोणाला’ हा शब्दच नाही, तरी कपड्याबद्दलचं लघुरूप मापाची तक्रार सांगतंच. वर्णनात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. ‘त्याचा कोट मोठा होता’ वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे दणकट, ऐसपैस कोट उभा राहतो. ‘कोट त्याला मोठा होत होता’ म्हटलं की कोट दुसऱ्याचा आहे, किंवा माणूस आजारपणानं वाळलाय, किंवा थोरल्या भावाचा कपडा धाकट्याच्या अंगावर आलाय, हे कळतं. लेखकानं गरिबी एका शब्दात सांगितलेली असते आणि अनुवादात ती ‘होता’मुळे पुसली जाते.

मात्र नियम आंधळेपणानं लावू नका. कर्ता अमूर्त असेल तर ‘वेलिक’मध्ये तक्रार नसते. ‘राझ्नित्सा वेलिका’ म्हणजे फरक मोठा आहे, एवढंच. फरक कोणाला ‘मोठा होत’ नाही. अंगावर घालायची, आत राहायची, वापरायची वस्तू असेल तेव्हाच आपलं ‘होतो’ काढायचं. खोलीच्या बाबतीत मी संदर्भ बघतो. ‘कोम्नाता माला’ला ‘खोली लहान पडते’ हे ‘होते’पेक्षा बरं.

दुसरा जोडीदार म्हणजे कारण किंवा विषय. ‘ओन बोलेन ग्रीप्पोम’: त्याला फ्लू झालाय. आजाराचं नाव तृतीयेसारख्या विभक्तीत आलं की लघुरूपच लागतं. ‘ओन झोल ना मेन्या’: तो माझ्यावर चिडलाय. ‘स्ताकान पोलोन वोदी’: पेला पाण्यानं भरलाय. सगळीकडे मराठीत ‘झालाय’, ‘चिडलाय’, ‘भरलाय’ अशी घडून आलेली अवस्था सांगणारी क्रियापदं येतात. मराठीत इथे विशेषण ठेवायचा हट्ट धरला की वाक्य लाकडासारखं होतं.

आता जोडीदार काढून पूर्णरूप करून बघा. ‘ओन पोल्नीय’ म्हणजे ‘तो भरलेला आहे’ नव्हे, तर ‘तो जाड आहे’. ‘ओन पोलोन सिल’ म्हणजे ‘त्याच्या अंगात दम आहे’, ‘तो उत्साहानं भरलेला आहे’. रूप न बघता भाषांतर केलं तर उत्साही माणूस लठ्ठ होऊन जातो. हे सांगताना मी जराही वाढवून सांगत नाही. हस्तलिखितांत अशी ओळ मी डोळ्यांनी पाहिली आहे.

तिसरी पायरी: शब्दच फुटलाय का ते तपासा

काही विशेषणांची दोन रूपं काळाच्या ओघात दोन वेगळे शब्द झाली आहेत. त्यांना छटेचा नियम पुरत नाही, ती लक्षातच ठेवावी लागतात. वर्णनात सतत भेटणारी मोजकीच सांगतो.

‘ओन स्पोसोब्नीय’ म्हणजे तो हुशार आहे, त्याच्यात गुण आहेत. शिक्षक विद्यार्थ्याबद्दल बोलतात ते असं. ‘ओन स्पोसोबेन ना व्स्यो’ म्हणजे तो काहीही करू शकतो, आणि सूर बहुतेक वेळा सावधगिरीचा असतो: ‘तो कुठल्याही थराला जाईल.’ एका बाजूला शाबासकी, दुसऱ्या बाजूला धास्ती.

‘ओना खोरोशाया’: ती चांगली आहे, मनानं चांगली. ‘ओना खोरोशा’: ती देखणी आहे. ‘सोबोय’ हा शब्द जोडून आला (‘खोरोशा सोबोय’) तर शंकाच नको, बोलणं रूपाबद्दलच आहे. नुसता ‘खोरोश!’ असा उद्गार आला तर तो ‘बस, पुरे!’ असाही असू शकतो. वरातीच्या किंवा जेवणाच्या प्रसंगात तो दिसला की आधी हा अर्थ तपासा.

‘ओन प्राव’: त्याचं बरोबर आहे. ‘प्रावीय’ मात्र उजवा, राजकारणात उजव्या विचारांचा. हे गोंधळ व्हायचं कारण नाही असं वाटतं, पण वर्तमानपत्री मजकुरात होतो.

‘झोल’ आणि ‘झ्लोय’ हे जोडपं मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. ‘ओन झोल’ म्हणजे आत्ता रागावलेला. ‘ओन झ्लोय’ म्हणजे खुनशी, वाईट मनाचा. रशियातल्या फाटकांवर ‘ओस्तोरोझ्नो, झ्लाया सोबाका’ अशी पाटी असते. कुत्रा आज रागावलाय असं ती सांगत नाही, तो जात्याच चावरा आहे असं सांगते. आपल्याकडची पाटी ‘कुत्र्यापासून सावध राहा’ म्हणते आणि तेच काम करते.

‘झान्यात’ म्हणजे आत्ता कामात असलेला. जागेबद्दल ‘झान्यातो’ म्हणजे कोणीतरी बसलेलं आहे. ‘झान्यातोय’ म्हणजे ज्याला कधीच सवड नसते असा माणूस. व्याकरणाच्या दृष्टीनं ‘झान्यात’चं खरं पूर्णरूप ‘झान्यातीय’ आहे आणि ‘झान्यातोय’ हे स्वतंत्र विशेषण आहे, त्यात आघात शेवटच्या अक्षरावर पडतो. छापील मजकुरात आघात दाखवलेला नसतो, पण अक्षरं वेगळी असल्यानं डोळ्यांना फरक कळतो. मराठीत पहिल्याला ‘कामात आहे’, दुसऱ्याला ‘कायम कामात असतो’.

‘व्ही स्वोबोद्नी’ हे वाक्य साहेबाच्या तोंडी आलं तर ‘तुम्ही मोकळे आहात’ असं लिहू नका. साहेब सांगतोय, ‘तुम्ही जाऊ शकता.’

चौथी पायरी: ‘आहे’ की ‘असतो’?

जोडीदार नाही, शब्द फुटलेला नाही, तरी दोन्हीपैकी एक रूप आलंय. अशा वेळी पाठ्यपुस्तकं सांगतात ते वापरून बघा: लघुरूप तात्पुरती अवस्था, पूर्णरूप कायमचा गुण. मराठीत हे सांगायची सोय तयारच आहे. ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो आजारी असतो’ यांतला फरक लहान मुलालाही कळतो. ‘ओन बोलेन’ला पहिलं, ‘ओन बोल्नोय’ला दुसरं, किंवा ‘तो आजारी माणूस आहे’.

मी दोन चाचण्या करतो. लघुरूप असेल तर मनात ‘आत्ता’ घालून बघतो. वाक्य अजून खरं वाटलं तर ‘झालाय’, ‘दिसतोय’, ‘पडलाय’ यांपैकी काहीतरी शोधतो. पूर्णरूप असेल तर ‘माणूस’, ‘मुलगी’, ‘घर’ असं नाम मनात जोडून बघतो, कारण रशियन वाचकालाही तिथे ‘अशा प्रकारचा एक’ असं ऐकू येतं. ‘ओना वेस्योलाया’ म्हणजे ती हसऱ्या स्वभावाची आहे. ‘ओना वेसेला’ म्हणजे ती खुशीत आहे.

‘बोल्नोय’बद्दल एक खबरदारी. हे पूर्णरूप नाम म्हणूनही वापरतात, तेव्हा अर्थ ‘रुग्ण’. ‘बोल्नोय स्पित’ म्हणजे ‘पेशंट झोपलाय’. आणि भांडणात कोणी ‘ती श्तो, बोल्नोय?’ म्हणाला तर तो तब्येतीची चौकशी करत नाहीये. तिथे मराठीत ‘डोकं फिरलंय का तुझं?’ असं येईल.

भूतकाळात तिसरा पर्यायही येतो. ‘बील’ (होता) या क्रियापदानंतर पूर्णरूप तृतीयेसारख्या विभक्तीतही येऊ शकतं. नामासकट आलं, जसं ‘बील वेस्योलीम रेब्योन्कोम’, तर ‘हसरं मूल होता’ असं सरळ द्या आणि पुढे चला. लघुरूपाशी त्याची गल्लत होत नाही.

तात्पुरतं आणि कायमचं हा नियम कुठे मोडतो

मोडतो, आणि चांगल्याच ठिकाणी मोडतो. पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीच्या दुसऱ्या अध्यायात तात्यानाची ओळख अशी होते: ‘दिका, पेचाल्ना, मोल्चालिवा, काक लान लेस्नाया बोयाझ्लिवा.’ बुजरी, खिन्न, अबोल, रानातल्या हरिणीसारखी भित्री. चारही विशेषणं लघुरूपात आहेत, आणि चारही तिच्या स्वभावाबद्दल, अगदी बालपणापासूनच्या. कोणी पाठ्यपुस्तकाचा नियम धरून ‘ती त्या वेळी खिन्न होती’ असं केलं तर तात्यानाच हातातून निसटते. त्याच ओळीत ‘लेस्नाया’ (रानातली) मात्र पूर्णरूपात आहे, कारण ते हरिणीला चिकटलेलं विशेषण आहे, विधान नाही.

मग लघुरूप तिथे काय करतं? ते ठाम विधान करतं. पूर्णरूप माणसाला एका गटात बसवतं, ‘अशा प्रकारचा’. लघुरूप थेट त्याच्यावर शिक्का मारतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या लेखनात आणि कवितेत ते भारदस्त लागतं, आणि आजच्या बोलण्यात काहीसं पुस्तकी. ‘ओना क्रासिवाया’ कोणीही म्हणेल, ‘ती सुंदर आहे’. ‘ओना क्रासिवा’ म्हणणारा जरा विचारपूर्वक, लिहिल्यासारखं बोलतोय. मराठीत हा फरक मी शब्दांच्या निवडीनं आणि वाक्याच्या घडणीनं आणतो: पहिल्याला ‘छान दिसते’, दुसऱ्याला ‘सुंदर आहे ती’.

ठामपणामुळे लघुरूप तोंडावर बोललं की बोचतं. ‘ती ग्लूपीय’ लाडानंही म्हणता येतं, ‘वेडा आहेस रे तू’. ‘ती ग्लूप’ म्हणजे निकाल: ‘तू मूर्ख आहेस.’ संवादात दोन मित्र कितपत भांडलेत हे वाचकाला इथूनच कळतं, म्हणून ‘रे’ ठेवायचा की काढायचा याचा निर्णय रूप बघून करा.

तात्पुरतं की कायमचं या नियमाला मी म्हणूनच शेवटचं स्थान देतो, आणि काळ व शैली बघूनच त्याच्यावर विश्वास ठेवतो. जोडीदार आणि फुटलेले शब्द या दोन पायऱ्या त्याच्यापेक्षा जास्त भरवशाच्या आहेत.

‘व्ही’ आणि आपलं ‘तुम्ही’

एकाच माणसाला आदरानं ‘व्ही’ म्हटलं की लघुरूप अनेकवचनात जातं: ‘व्ही बोल्नी?’, ‘व्ही प्रावी’. पूर्णरूप मात्र समोरच्या खऱ्या व्यक्तीप्रमाणे एकवचनात आणि लिंगानुसार येतं: ‘व्ही ताकाया दोब्राया’, ‘किती चांगल्या आहात हो तुम्ही’. म्हणजे लघुरूपातून बाई की पुरुष, एक की अनेक, काहीच कळत नाही. मराठीत ‘तुम्ही शहाणे आहात’ की ‘शहाण्या आहात’ हे ठरवावंच लागतं, म्हणून संवाद सुरू व्हायच्या आधीच बोलणारे कोण आहेत ते पानं चाळून नक्की करा. शंका राहिली तर लिंग न दाखवणारं वाक्य घ्या: ‘तुम्हाला बरं नाही का?’, ‘तुमचं बरोबर आहे.’ लघुरूपाला ही वाक्यरचना नाहीतरी जास्त शोभते.

एक उतारा, पहिल्यापासून

सरावासाठी मी स्वतः रचलेला छोटा उतारा देतो. सुरुवातीच्या गोष्टीसारखाच प्रसंग आहे.

‘व्येरा वोश्ला व कोम्नातु. ओना बिला ब्लेद्ना. पाल्तो बिलो येय वेलिको, रूकी क्रास्नी ओत खोलोदा. — व्ही बोल्नी? — स्प्रोसिल दोक्तोर. — न्येत, या झ्दोरोवा. ओतेत्स प्लोख. दोक्तोर बील चेलोवेक झान्यातोय, नो न्ये झ्लोय. ओन मोल्चा व्झ्याल शाप्कु.’

कोश घेऊन बसलेला नवा अनुवादक असं करेल:

‘व्येरा खोलीत आली. ती फिकी होती. तिचा कोट मोठा होता, हात थंडीमुळे लाल होते. “तुम्ही आजारी आहात का?” डॉक्टरांनी विचारलं. “नाही, मी निरोगी आहे. बाबा वाईट आहेत.” डॉक्टर कामात होते, पण रागावलेले नव्हते. त्यांनी शांतपणे टोपी घेतली.’

एकही शब्द कोशाबाहेरचा नाही, आणि तरी प्रसंग उभा राहत नाही. आता विशेषणं एकेक करून घेऊ.

‘ब्लेद्ना’ हे लघुरूप आहे. मनात ‘आत्ता’ घालून बघितलं तर बसतं: ती धावत आलीय, घाबरलीय. ‘फिकी’ ही रंगाची नोंद झाली. अवस्थेसाठी आपल्याकडे ‘पांढरीफटक पडली होती’ आहे. इथे ‘ब्लेद्नाया’ असतं तर मी ‘तिचा वर्णच फिकट होता’ असं काहीतरी केलं असतं.

‘येय वेलिको’ मध्ये ‘तिला’ आलंय, वस्तू कपडा आहे. ‘होता’ खोडून ‘होत होता’ करायचं. ‘ओत खोलोदा’ हे कारण आहे, म्हणून ‘लाल होते’च्या जागी ‘लाल झाले होते’. ‘लालबुंद’ घ्यावं का यावर मी थोडा अडलो. ‘लालबुंद’ डोळ्यांना, चेहऱ्याला, टोमॅटोला शोभतं. थंडीनं फुटलेल्या हातांना साधं ‘लाल’च बरं.

‘व्ही बोल्नी’: डॉक्टर एकाच मुलीशी आदरानं बोलतोय. ‘तुम्हाला बरं नाही का?’ त्याला उत्तर म्हणून ‘या झ्दोरोवा’. ‘निरोगी’ हा प्रकृतीचा गुण झाला, ‘ठणठणीत’ही जरा मिरवणारा वाटतो. घाईत असलेली मुलगी म्हणेल, ‘मला काही झालेलं नाही.’

‘ओतेत्स प्लोख’: तिसऱ्या पायरीतला फुटलेला शब्द. ‘बाबांची तब्येत फार बिघडलीय’ हे अर्थानं बरोबर आहे, पण तिथे मूळचे दोन शब्द चटकन संपतात, तिचा श्वास पुरत नाहीये. ‘बाबांचं काही खरं नाही’ हे त्या मानानं जवळचं.

‘झान्यातोय’ आणि ‘झ्लोय’ दोन्ही पूर्णरूपं, शिवाय ‘चेलोवेक’ (माणूस) हे नाम वाक्यात आहेच. म्हणजे दोन्ही स्वभावाबद्दल आहेत. नव्या अनुवादकानं इथे उलटी चूक केली: डॉक्टर आत्ता कामात आहेत आणि आत्ता रागावलेले नाहीत असं सांगितलं. मूळ वाक्य डॉक्टरच्या आयुष्याबद्दल आहे.

सगळं जोडून:

‘व्येरा खोलीत आली. ती पांढरीफटक पडली होती. कोट तिला मोठा होत होता, हात थंडीनं लाल झाले होते. “तुम्हाला बरं नाही का?” डॉक्टरांनी विचारलं. “मला काही झालेलं नाही. बाबांचं काही खरं नाही.” डॉक्टरांना कधीच सवड नसायची, पण माणूस वाईट मनाचा नव्हता. काही न बोलता त्यांनी टोपी उचलली.’

एक खटकलं. ‘काही झालेलं नाही’ आणि ‘काही खरं नाही’ लागोपाठ आले. मूळ रशियनमध्ये असा प्रतिध्वनी नाही, उलट ‘झ्दोरोवा’ आणि ‘प्लोख’ हे दोन लघुरूपांचे शिक्के एकमेकांसमोर उभे आहेत. ते टिकवायचं तर पहिलं उत्तर बदलावं लागेल. म्हणून शेवटच्या वाचनात मी ते असं केलं: “मी बरी आहे. बाबांचं काही खरं नाही.”